ताईंनी भरलेला रकाना

७ जानेवारी

ताई,

आज दिवस नेहमीसारखाच गेला. सकाळी लॅबमध्ये दोन कवळ्या पॉलिश केल्या. एका आजींचे वरचे दात डॉक्टरांकडून परत आले, रंग पसंत नाही म्हणून. आजींना पांढरेशुभ्र हवेत, आणि त्यांच्या मुलाला आईच्या वयाला शोभतील असे. आमचे मालक म्हणाले, "चावणार कोण आहे ते आधी विचारा." मी दोन्हींच्या मधला रंग लावून पाठवला. संध्याकाळी घरी आलो, दोरीवरचे कपडे काढले, घड्या केल्या.

फोनवर मी नुसतं हं-हं करतो, त्यापेक्षा लिहीत जा, असं तुम्ही म्हणालात. म्हणून लिहितो आहे.

धाकटी गेल्यावर वर्षभराने तुम्ही आलात, बहिणीचं कपाट आवरून दिलंत, आणि जायच्या दिवशी माझ्या फोनवर ते जोडीदार शोधायचं अ‍ॅप टाकलंत. मी चहा करत होतो. तुम्ही बाहेरून विचारत होता, "उंची किती? शिक्षण? सिगरेट नाही ना ओढत?" आणि मी आतून हं म्हणत होतो. फोटो तुम्हीच निवडलात. त्यात माझ्या खांद्यावर कुणाचा तरी हात होता, तो तुम्ही कापला. बोटं राहिली आहेत. नीट पाहिलं तर दिसतात.

आठ-दहा महिने मी ते उघडलंही नाही. मग गेल्या महिन्यात एकीचा निरोप आला. तिचं मी तुम्हाला सांगितलं होतंच. इमारतींमधल्या लिफ्ट तपासण्याचं काम करते. तुम्ही लगेच तिचं नाव लिफ्टवाली ठेवलंत आणि म्हणालात, "चला, कुणीतरी वर काढायला आली तुम्हाला." हे मी तिला सांगितलं नाही.

रोज संध्याकाळी आमचं लिहिणं होतं. ती विचारते, "लोकांशी बोलताना तू दातांकडेच बघत असशील ना?" मी खरं ते लिहिलं, की हो. त्यानंतर दोन दिवस तिने तोंड मिटलेलेच फोटो पाठवले. तिच्या कामातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. लिफ्टचा दोर तुटून ती पडत नाही, दोर अनेक असतात आणि वेग वाढला की खाली पकडणारी यंत्रणा असते, हे तिने समजावलं. मला बरं वाटलं. दोराचं कळलं म्हणून, आणि कुणीतरी एखादी गोष्ट मला पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगत होतं म्हणूनही.

काल तिने लिहिलं, "एक विचारू? मुलं हवीत असं तू लिहिलं आहेस. मी मुळात त्यामुळेच तुला निरोप पाठवला. पण इतक्या दिवसांत तू त्यावर अवाक्षर काढलं नाहीस. लाजतोस, की काही आहे?"

मी माझं पान उघडून पाहिलं. मुलांच्या रकान्यात चार पर्याय असतात: हवीत, नकोत, अजून ठरवलेलं नाही, सांगायचं नाही. 'हवीत'वर खूण आहे. हा एकच रकाना तुम्ही मला न विचारता भरलात. किंवा विचारलं असेल आणि मी हं म्हणालो असेन.

मला मुलं नको आहेत, ताई. कारण विचारू नका. पण ती माणूस म्हणून चांगली आहे, आणि ती इथपर्यंत आली ती मी न लिहिलेल्या शब्दामुळे. तिला काय उत्तर देऊ, एवढंच विचारायचं होतं.

तुमचा,
दातवाला


१२ जानेवारी

ताई,

पत्र पोचल्याबरोबर तुमचा फोन आला. मी तेव्हाही जास्त बोललो नाही, म्हणून पुन्हा लिहितो.

तुम्ही म्हणालात, "अहो, 'नकोत' लिहिलं असतं तर कुणी फिरकलं तरी असतं का?" मी म्हणालो, पण मला नकोत. तुम्ही म्हणालात, "दुःखात माणूस काय वाटेल ते बोलतो. एकदा मांडीवर आलं की सगळं सुचतं. तिला आत्ताच काही सांगून बसू नका." मी हं म्हणालो. तो होकार नव्हता.

त्याच संध्याकाळी मी तिला लिहिलं की पान माझ्या मेहुणीने भरलं होतं, मी नीट वाचलं नव्हतं, आणि मला मुलं नको आहेत. चूक माझ्याकडची आहे, हेही लिहिलं. तिने वाचलं. वाचल्याच्या दोन खुणा दिसल्या. मग काही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. तिला मूल हवं आहे. नेहमीच हवं होतं, पण आधी नोकरी, मग वडिलांचं आजारपण, यात राहून गेलं. आता सदतीस पूर्ण होतील. डॉक्टरीणबाईंनी तिला स्पष्ट सांगितलं आहे, की करायचं असेल तर आत्ता, अजून दोन-तीन वर्षं विचार करत बसण्यासारखी स्थिती नाही. म्हणून ती आधी तो रकाना बघते, मगच फोटो. शेवटी तिने विचारलं, "हे तुझी बायको गेली म्हणून आहे का? तसं असेल तर मी थोडं थांबेन. घाई नाही करणार."

मी लिहिलं, की नाही. ती असतानाही मुलं नको होती. हे दुखणं नाही, मत आहे.

मला वाटलं, संपलं. पण काल तिने लिहिलं, "खूप विचार केला. मला चालेल. सगळं एकाच ठिकाणी मिळत नाही. तू बरा माणूस आहेस, तेवढं मला पुरे."

ताई, खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. आज लॅबमध्ये मी शीळ घालत होतो म्हणे. मालकांनी विचारलं, "काय, कुणाची अक्कलदाढ आली?" पुढच्या रविवारी भेटायचं ठरलं आहे.

आता तुम्हाला एक सांगायला हवं. तिला सांगितलं आणि तुम्हाला नाही, हे बरं दिसत नाही. आम्हाला मूल होत नव्हतं, असं तुम्ही समजत आलात. तुम्ही डॉक्टरांचे पत्ते पाठवायचात, आणि धाकटी ते फ्रिजवर चुंबकाखाली लावून ठेवायची. तसं काही नव्हतं. आम्हाला नकोच होतं. लग्नाआधीच ठरलं होतं. मी म्हणायचो, ताईंना सांगून टाकू या. ती म्हणायची, "राहू दे, तिला वाईट वाटेल. तिला वाटेल तिची तिन्ही पोरं आपल्याला नकोशी होतात." अकरा वर्षं आम्ही दोघं तेवढ्या बाबतीत एका बाजूला होतो. तिच्या आजारपणातही कधी तिने तो विषय काढला नाही.

रागावू नका. तुमच्या पोरांवर तिचा जीव होता, हे तुम्ही जाणताच.

तुमचा,
दातवाला


२० जानेवारी

ताई,

तुमचं पत्र मिळालं. तुमच्या हातचं पत्र मी पहिल्यांदाच पाहिलं. तुमचं आणि धाकटीचं अक्षर इतकं सारखं आहे, हे मला माहीत नव्हतं. पाकीट मी दुपारपर्यंत फोडलं नाही.

तुम्ही लिहिलं आहे, "तुम्ही दोघांनी नाही ठरवलंत. तुम्ही ठरवलंत." आणि ती दुपार लिहिली आहे. तुमची तिसरी तेव्हा काही महिन्यांची होती. धाकटीने तिला तासभर खांद्यावर घेतलं होतं. परत देताना म्हणाली, "ताई, मला एक हवं होतं गं. पण त्याने आधीच विचारलं होतं, आणि मी चालेल म्हणाले. आता ते मागे कसं घेऊ?" तुम्ही म्हणालात, "वेडी आहेस का, जाऊन बोल त्याच्याशी." ती बोलली असेल, मी ऐकलं असेल, आणि मग काही अडचण येऊन होत नसेल, असं तुम्हाला वाटलं. म्हणून ते पत्ते. म्हणूनच माझ्या पानावर 'हवीत'. तुमच्या समजुतीत मीही वाट बघणारा होतो.

ती माझ्याशी बोलली नव्हती.

मला तो दिवस आठवतो. भाड्याची खोली पाहायला गेलो होतो. घरमालकीण किल्ली आणायला खाली गेली होती. मी विचारलं, "मुलं नसली तर चालेल ना तुला?" ती खिडकीची कडी लावून बघत होती. ती कडी नीट बसत नव्हती. ती म्हणाली, "चालेल की." मग म्हणाली, "ही कडी मात्र बदलून घ्यावी लागेल." आम्ही ती बदलून घेतली. माझ्या लेखी दोन्ही गोष्टी तिथेच मिटल्या.

तिला काय हवं आहे, हे मी विचारलंच नव्हतं. मला जे हवं होतं ते तिला झेपेल का, एवढंच विचारलं होतं.

आता मी काय करतो माहीत आहे? घरात फिरतो आणि एकेक दिवस आठवून पाहतो. ती कधी खिन्न दिसली का? दिसली, पण सगळीच माणसं दिसतात. ती हसायची. तुम्हालाही माहीत आहे, किती मोठ्याने हसायची. ते हसणं खोटं होतं असं मी मानणार नाही. तुमच्यापुढे त्या दुपारी जे बोलली ते खोटं होतं असंही मानता येत नाही. कदाचित त्या एका दुपारीच तिला तसं वाटलं असेल. कदाचित रोज वाटत असेल. विचारायला ती नाही.

तुम्ही हे मला तेव्हा का नाही सांगितलंत? आणि तेव्हा नाही, तर आता का सांगितलंत?

रविवारची भेट मी पुढे ढकलली. कामाचं कारण दिलं. दोन दिवस मी लिफ्टवालीला काही लिहिलेलं नाही. आज सकाळी तिने नुसतं लिहिलं, "आहेस ना?"


२५ जानेवारी

ताई,

लिफ्टवालीला नाही म्हणणार, असं सांगितल्यावर काल सकाळी तुम्ही फोनवर ओरडलात, ते बरोबरच होतं. निदान अर्धं तरी. "ती स्वतःच्या तोंडाने चालेल म्हणते आहे ना! मग तिच्या वतीने ठरवणारे तुम्ही कोण? एकदा धाकटीच्या वतीने ठरवलंत, आता हिच्या!" मी फोन ठेवला. मग तुमचं तेच वाक्य समोर ठेवून निरोप लिहायला बसलो.

पहिला निरोप खूप लांब झाला. त्यात धाकटीचं सगळं होतं, तुमची दुपार, खिडकीची कडी. वाचून पाहिलं आणि काढून टाकलं. हे वाचून तिने काय करायचं? नकार मिळालेल्या बाईने उलट माझंच सांत्वन करायचं? आणि गेलेल्या माणसाला मध्ये उभं केलं की समोरच्याला रागावताही येत नाही.

मग लिहिलं होतं, "तुला माझ्यापेक्षा चांगला कुणी मिळेल." तेही काढलं. मला काय माहीत? मिळेलच असं नाही. तिला वेळ थोडा आहे आणि ते तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

"आपण मित्र राहू" हे वाक्य बराच वेळ ठेवलं होतं. ते काढणं सगळ्यांत जड गेलं. पण तसं लिहिलं असतं तर उद्या संध्याकाळी मी तिला लिहिलं असतं, तिने उत्तर दिलं असतं, आणि तिचे महिने माझ्या सोबतीत गेले असते. "पुढे कधी विचार बदलला तर" हेही असंच. माझा विचार बदलणार नाही आणि तिने त्या आशेवर बसू नये.

फोन करावा की काय, असाही विचार केला. पण आम्ही अजून भेटलोही नव्हतो, जे काही होतं ते लिहूनच होतं. फोनवर तिला लगेच काहीतरी बोलावं लागलं असतं. लिहिलेलं माणूस बाजूला ठेवू शकतं, पुन्हा वाचू शकतं, शिव्या देऊ शकतं. आणि कामाच्या दिवशी पाठवायचं नव्हतं. ती लिफ्टच्या छतावर उभी राहून काम करते, फोन खिशात असतो. शनिवारी तिला सुट्टी असते, बहीणही घरी असते. म्हणून काल जेवणाच्या वेळेआधी पाठवलं. आम्ही अरे-तुरेवर आलो होतो, तेच ठेवलं. एकदम तुम्ही म्हटलं असतं तर दार आपटल्यासारखं झालं असतं.

शेवटी जे पाठवलं ते असं:

"पाच-सहा दिवस उत्तर दिलं नाही, आणि रविवारसाठी कामाचं कारण खरं नव्हतं. दोन्हींबद्दल माफ कर. मला आपलं बोलणं इथे थांबवायचं आहे. कारण एकच. तुला मूल हवं आहे आणि मला नको, आणि यात अर्धं-अर्धं करता येत नाही. तू चालेल म्हणालीस ते तू विचार करून म्हणालीस, हे मला मान्य आहे. तुला काय झेपेल ते मी ठरवत नाही. मी फक्त माझ्यापुरतं सांगतो, की तुझी इतकी मोठी गोष्ट माझ्यासाठी सोडलेली मला घेता येणार नाही. मी रोज तुझ्याकडे बघून विचारत राहीन आणि तू रोज ठीक आहे म्हणत राहशील. तुझ्यात काही कमी होतं म्हणून हे नाही. तुझ्याशी बोलायची मी दिवसभर वाट बघायचो. सुरुवातीलाच माझं पान नीट वाचलं असतं तर तुझा महिना वाचला असता, ती चूक माझी. उत्तर द्यायलाच हवं असं नाही. मी आपला संवाद लगेच बंद करत नाही, कारण मग तुझ्याकडूनही सगळं पुसलं जातं. तुला हवं तेव्हा तू कर. तुझं मनासारखं होवो."

पाठवल्यावर मी फोन उलटा ठेवला आणि भांडी घासली. एक कप दोनदा घासला.

तासाभराने उत्तर आलं. तुम्हाला जसंच्या तसं लिहितो, कारण तुम्ही तिच्या बाजूने बोलत होता.

"मी चालेल म्हणाले होते. ते सोपं नव्हतं. ते तू परत केलंस, म्हणून आत्ता तुझा राग आला आहे. माझी बहीण म्हणते आहे की सुटलीस. तिचाही राग आला आहे. पण बहुतेक जण असे निरोप पाठवतच नाहीत, नुसते नाहीसे होतात, मग आपण आठवडाभर फोन बघत बसतो. तेवढं तरी तू केलं नाहीस. तुझ्या मेहुणीला सांग, दुसऱ्याचे रकाने भरू नयेत. आणि ती बोटं काप त्या फोटोतली. कुणाची आहेत याचा पहिल्या दिवसापासून विचार करत होते."

मी लिहिलं, "सांगतो. आणि त्या रागाबद्दल माझी तक्रार नाही." त्यापुढे लिहिण्यासारखं मनात खूप होतं. लिहिलं नाही.

बोटं धाकटीची आहेत, ताई. कापताना तुम्हाला माहीत होतं की नाही, हे मला माहीत नाही.

आज सकाळी पाहिलं तर यादीत लिफ्टवाली नव्हती. रात्रीतून तिने संवाद बंद केला होता. सगळं गेलं, दोर, पकडणारी यंत्रणा, मिटलेल्या तोंडाचे फोटो. बंद केल्यावर तिथे काही खूणसुद्धा राहत नाही, खालचा निरोप वर सरकतो एवढंच. मग मी माझं पान उघडलं आणि 'हवीत' काढून 'नकोत' केलं. अ‍ॅपने विचारलं, बदल जतन करायचा का. मी हो केलं. ताई, तुम्ही म्हणाल तसं आता कुणी फिरकणार नाही कदाचित. नाही तर नाही.

माझा तुमच्यावर राग नाही, असं लिहिणार होतो. पण आहे. आणि तुमचा माझ्यावर आहे. तिने तुमच्याकडे ते बोलावं आणि माझ्याकडे नाही, याचाच माझा राग आहे, असं मला वाटतं. आणि तुम्ही सांगूनही ती माझ्याशी बोलली नाही, हा तुमचा. दोघांचाही राग मुळात तिच्यावर आहे, आणि तिच्यावर रागवायची आपली दोघांची तयारी नाही.

तिने याबद्दल आणखी काही म्हटलं असेल तर मला सांगू नका. नाही, सांगा. पण एकदम सगळं नको. आणि फोनवर नको. लिहून पाठवा. अक्षर बघून मला जरा वेळ लागतो, पण वाचतो.

लॅबला आज सुट्टी आहे. त्या आजी कवळी घालून आल्या होत्या म्हणे डॉक्टरांकडे, रंग कुणालाच पसंत पडला नाही, पण चावता येतं.

आता इथेच थांबतो. बऱ्याच दिवसांत गादी उलटली नव्हती, एका बाजूने खोल गेली आहे. या कामाला दोघं लागतात. एकट्याने करायचं तर पलंग आधी भिंतीपासून ओढायचा, गादी कडेवर उभी करायची, खांदा लावून धरून ठेवायची, आणि तोल कळला की आपण हळूच मागे सरकायचं. चादर काढून झाली आहे. उठतो.